देताना बेसिक, कापताना ग्रॉस : नोकरी सोडल्यावरचा शेवटचा हिशेब कसा वाचावा

डिसेंबरच्या शेवटी मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या ऑफिसातली साडेसहा वर्षांची नोकरी सोडून तो नव्या ठिकाणी रुजू झाला होता. जुन्या कंपनीच्या एचआरने फुल अँड फायनल सेटलमेंटचा एक पानी तक्ता पाठवला होता. खाली मजकूर होता, ‘वरील रक्कम मला मान्य असून कंपनीकडे माझे कोणतेही येणे बाकी नाही.’ त्याचा प्रश्न एका ओळीचा होता : “दादा, यावर सही करून पाठवू ना?”

तक्त्यात एकूण देय १,२०,२०० रुपये, एकूण कपात ४७,०८० रुपये आणि हातात ७३,१२० रुपये असे आकडे होते. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती, आणि बहुतेक लोक तेवढीच तपासतात. पण चूक बेरजेत क्वचितच असते. ती असते प्रत्येक ओळीच्या पोटात. या तक्त्यातली जवळपास प्रत्येक रक्कम ‘एका दिवसाचा दर गुणिले दिवस’ अशी तयार होते, म्हणून प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे : दर कोणत्या पगारावर काढला? त्याला कितीने भागलं? आणि दिवस किंवा वर्षं किती धरली? तिन्ही उत्तरं कोणत्या तरी कागदात लिहिलेली असली पाहिजेत. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे काही उत्तर नव्हे.

आधी कागद जमवा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा ईमेल आणि रजांचं पोर्टल बंद होतं, आणि मग पुरावा फक्त समोरच्याकडे उरतो. म्हणून निघण्याच्या आठवड्यातच पाच गोष्टी स्वतःच्या ईमेलवर किंवा फोनमध्ये घ्या : नेमणूकपत्र आणि त्यानंतरची पगारवाढीची पत्रं, शेवटच्या तीन पे-स्लिपा, रजाशिल्लकीचा स्क्रीनशॉट, राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल (त्यात शेवटच्या दिवसाची तारीख हवी) आणि लॅपटॉप-ओळखपत्र परत केल्याची पोच. भावाकडे यातल्या चार होत्या. पाचवी नव्हती, आणि तिची किंमत पुढे कळली.

त्याच्या पे-स्लिपवर बेसिक २६,०००, घरभाडे भत्ता १३,००० आणि प्रवास व इतर खर्चाचे ९,००० असा मिळून ग्रॉस ४८,००० रुपये पगार होता. तो रुजू झाला २ मे २०१९ रोजी. राजीनामा ३१ ऑक्टोबर २०२५ला दिला आणि शेवटचा दिवस ठरला १५ डिसेंबर २०२५. कंपनी प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरत होती. त्यामुळे ग्रॉसवरचा दिवसाचा दर १,६०० रुपये आणि बेसिकवरचा साधारण ८६७ रुपये. हे दोन दर लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत कोणती ओळ कोणत्या दराने काढली यातच आहे.

नोटीस पे : रक्कम कोण कोणाला देतं?

नोटीस पे दोन्ही दिशांनी जातो. तुम्ही नोटिशीचे दिवस पूर्ण न करता निघालात तर तो कपातीच्या बाजूला येतो. उलट, तुम्ही पूर्ण नोटीस द्यायला तयार असताना कंपनीनेच ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं, तर करारानुसार उरलेल्या दिवसांचे पैसे देण्याच्या बाजूला यायला हवेत. म्हणून लवकर सोडण्याची विनंती कोणी केली हे ईमेलमध्ये स्पष्ट असलं पाहिजे. साहेब तोंडी म्हणाले, ‘तू पंधराला मोकळा’, तर त्याच दिवशी त्यांना एक ओळ लिहा : ‘आज झालेल्या बोलण्यानुसार माझी उरलेली नोटीस माफ केली आहे, असं मी समजतो.’ उत्तरात ‘हो’ आलं तर कपात उरत नाही.

भावाच्या बाबतीत माफी नव्हती. नोटीस ६० दिवसांची होती आणि ती १ नोव्हेंबरपासून मोजायची. नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे १५ मिळून ४५ दिवस भरले, म्हणजे १५ दिवस कमी पडले. इथपर्यंत कंपनीचं बरोबर होतं. पण कपात होती १५ × १,६०० = २४,००० रुपये. नेमणूकपत्राचं चौथं कलम उघडलं. तिथे लिहिलं होतं की नोटीस न दिल्यास ‘तितक्या दिवसांचे मूळ वेतन’ द्यावं लागेल. मूळ वेतन म्हणजे बेसिक. मग कपात होते १३,००० रुपये. एका शब्दाने ११,००० रुपयांचा फरक पडला. तुमच्या पत्रात ‘एकूण वेतन’ लिहिलं असेल, तर मात्र ग्रॉसवरची कपात मान्य करावी लागेल.

त्याखाली आणखी एक ओळ होती : नोटीस पेवर जीएसटी १८ टक्के, ४,३२० रुपये. ही ओळ काही कंपन्या अजून सवयीने लावतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात (क्रमांक १७८) स्पष्ट केलं आहे की कर्मचारी नोटीस न देता गेल्याबद्दल जी रक्कम कापली जाते, ती कोणत्याही सेवेचा मोबदला नाही, म्हणून तिच्यावर जीएसटी लागत नाही. परिपत्रकाचा क्रमांक लिहून एक ईमेल गेला की ही ओळ सहसा वाद न होता निघते.

रजेचे पैसे : किती रजा आणि कोणत्या रजा

लीव्ह एन्कॅशमेंट होतं ते अर्जित रजेचं, म्हणजे ज्याला ऑफिसात पीएल किंवा ईएल म्हणतात. नैमित्तिक आणि आजारी रजा सहसा वर्षअखेर संपतात, त्यांचे पैसे होत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदावरच्यांना तो कायदा लागू नसतो, त्यांच्यासाठी कंपनीचं रजा धोरणच आधार. तेव्हा एचआरकडून धोरणाची प्रत मागून घ्या आणि त्यात दोन गोष्टी शोधा : जास्तीत जास्त किती दिवसांचे पैसे मिळतात आणि दर बेसिकवर की ग्रॉसवर.

भावाच्या कंपनीत दर बेसिकवर होता आणि तो त्यालाही मान्य होता. पण तक्त्यात रजा २१ दिवस धरल्या होत्या, तर त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये २४ दिसत होत्या. ऑगस्टमध्ये तापाने घेतलेल्या तीन आजारी रजा शेवटच्या हिशेबात कोणीतरी पीएलमधून वळत्या केल्या होत्या. त्या रजा मंजूर करणारा ईमेल सापडला आणि २१ × ८६७ म्हणजे १८,२०० रुपयांऐवजी २४ दिवसांचे २०,८०० रुपये झाले. फरक फक्त २,६०० रुपयांचा, पण तो सापडायला पाच मिनिटं लागली.

याच ओळीवर दोन गोष्टी आणखी पाहा. रजेच्या पैशांतून पीएफ कापलेला असेल तर विचारा, कारण रजेचं रोखीकरण हे पीएफच्या हिशेबात मूळ वेतन नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये दिला आहे. दुसरं प्राप्तिकराचं. नोकरीत असताना घेतलेले रजेचे पैसे पूर्ण करपात्र असतात. नोकरी सोडताना मिळालेले मात्र खासगी कर्मचाऱ्याला अटींच्या अधीन आयुष्यभरात एकूण २५ लाखांपर्यंत करमुक्त असतात. ही मर्यादा १ एप्रिल २०२३पासून तीन लाखांवरून वाढवलेली आहे. कंपनीने या रकमेवर टीडीएस कापला असेल, तर ती चूक इथेच दुरुस्त करून घ्या. नंतर विवरणपत्रातून परतावा मिळतो, पण त्यासाठी थांबावं लागतं.

ग्रॅच्युइटी : तीसने नव्हे, सव्वीसने

सगळ्यात मोठी रक्कम आणि सगळ्यात मोठी चूक बहुधा याच ओळीत सापडते. भावाच्या तक्त्यात ग्रॅच्युइटी ७८,००० रुपये होती. एचआरने केलेला हिशेब असा : २६,००० भागिले ३०, गुणिले १५ म्हणजे एका वर्षाचे १३,००० आणि पूर्ण झालेली वर्षं ६.

यात दोन चुका आहेत. कायद्यात प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचं वेतन असं लिहिलं आहे, पण मासिक पगार असलेल्याचा दिवसाचा दर काढताना महिना २६ दिवसांचा धरायचा, हेही तिथेच लिहिलं आहे. कारण त्या हिशेबात आठवड्याच्या सुट्ट्या धरत नाहीत. त्याचा बेसिक नेमका २६,००० असल्याने हिशेब तोंडी होतो : दिवसाचे १,०००, वर्षाचे १५,००० रुपये.

दुसरी चूक वर्षांची. सहा महिन्यांहून जास्त झालेलं अपुरं वर्ष पूर्ण धरायचं असतं. २ मे २०१९ ते १५ डिसेंबर २०२५ म्हणजे ६ वर्षं ७ महिने आणि काही दिवस. ही ७ वर्षं झाली. पाच महिने उलटून कोणी नोकरी सोडत असेल, तर शेवटची तारीख थोडी पुढे ढकलल्यास आणखी एका वर्षाची ग्रॅच्युइटी पदरात पडते, हे राजीनामा लिहिण्याआधीच पाहावं. भावाची ग्रॅच्युइटी ७ × १५,००० = १,०५,००० रुपये झाली, तक्त्यातल्यापेक्षा २७,००० रुपयांनी जास्त. वीस लाखांच्या मर्यादेच्या खूप आत असल्याने ती पूर्ण करमुक्त आहे.

ज्यांचा बेसिक मुद्दाम लहान ठेवलेला आहे, त्यांनी तिसरा प्रश्नही विचारावा. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यात ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या बदलली आहे. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफ अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील, तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा. म्हणजे कोणाचा मोबदला ४८,००० आणि बेसिक १६,००० असेल, तर त्या तारखेनंतर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी १६,०००वर नव्हे, किमान २४,०००वर मोजायला हवी. वर्षाला ९,२३१ रुपयांच्या जागी १३,८४६ रुपये. भावाचा बेसिक निम्म्याहून जास्त असल्याने त्याला हा मुद्दा लागू पडला नाही.

पाच वर्षांची अट कायम आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ती लागत नाही, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नव्या संहितेत एक वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. चार वर्षं पूर्ण करून पाचव्या वर्षात २४० दिवस (पाच दिवसांच्या आठवड्यात १९० दिवस) भरलेल्यांच्या बाजूने मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे, पण बऱ्याच कंपन्या तो आपणहून मान्य करत नाहीत. तिथे भांडायची तयारी ठेवा. आणि सीटीसीत ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के रक्कम दरवर्षी दाखवलेली असली, तरी पात्रतेआधी सोडल्यास ती मिळत नाही. ती तुमच्या खात्यात साठलेली रक्कम नसून कंपनीच्या बाजूची तरतूद असते.

रिकव्हरी : पावती कुठे आहे?

तक्त्यात दोन रिकव्हऱ्या होत्या. सणाच्या उचलीचे उरलेले ५,००० रुपये पे-स्लिपांमधल्या हप्त्यांशी जुळले, ते मान्य. दुसरी होती लॅपटॉपची, १२,००० रुपये. लॅपटॉप त्याने शेवटच्या दिवशी आयटी विभागाच्या टेबलावर ठेवला होता आणि पोच घेतली नव्हती. आयटीच्या माणसाने क्लिअरन्सवर सही केली नव्हती, म्हणून एचआरने सरळ घसारा वजा करून किंमत लावली. शेवटी त्या टेबलावरच्या माणसाने मशीनचा क्रमांक नव्या कर्मचाऱ्याच्या नावावर असल्याचं शोधून काढलं आणि रिकव्हरी रद्द झाली. नशीब म्हणायचं. वस्तू देताना ‘मशीन क्रमांक अमुक, चार्जरसह परत दिलं’ असा एक ईमेल पाठवून ठेवणं हाच साधा उपाय.

वस्तू खरोखर खराब झाली असेल तरी वेतन संहितेनुसार कपात दोन अटींवरच होते : नुकसान तुमच्या निष्काळजीपणाने झालेलं हवं आणि कापण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी मिळालेली हवी. कपात नुकसानीच्या रकमेहून जास्तही असू शकत नाही. पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची नव्याची किंमत लावली असेल, तर बिल आणि घसाऱ्याचा हिशेब मागा. प्रशिक्षणाच्या बाँडचं मात्र हलकं घेऊ नका. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख घेणारा बाँड वैध ठरवला. तसा करार असेल तर तो अक्षरशः वाचा.

ग्रॅच्युइटी आणि रिकव्हरी यांच्यात एक भिंत आहे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. नोटीस कमी पडली किंवा उचल बाकी आहे म्हणून कंपनी ग्रॅच्युइटीला हात लावू शकत नाही. ती जप्त करण्याची मुभा फक्त गैरवर्तनासाठी नोकरीवरून काढलं असेल तर, आणि तीही कायद्यातल्या ठरावीक कारणांपुरती आहे. राजीनाम्यात तो प्रश्न येत नाही. म्हणून ग्रॅच्युइटीची ओळ बाकीच्या बेरजेपासून वेगळी ठेवायला सांगा.

दोन्ही हिशेब शेजारी

| ओळ | कंपनीचा आकडा | तपासल्यावर |
|---|---|---|
| डिसेंबरचा १५ दिवसांचा पगार | २४,००० | २४,००० |
| रजेचे पैसे | १८,२०० | २०,८०० |
| ग्रॅच्युइटी | ७८,००० | १,०५,००० |
| नोटीस पे (वजा) | २४,००० | १३,००० |
| नोटीसवर जीएसटी (वजा) | ४,३२० | ० |
| लॅपटॉप (वजा) | १२,००० | ० |
| सणाची उचल (वजा) | ५,००० | ५,००० |
| पीएफ व व्यवसाय कर (वजा) | १,७६० | १,७६० |
| हातात | ७३,१२० | १,३०,०४० |

पीएफचे १,५६० रुपये १५ दिवसांच्या बेसिकवर म्हणजे १३,०००वर १२ टक्के, आणि व्यवसाय कर महाराष्ट्रातला नेहमीचा २०० रुपये. या दोन्ही ओळी बरोबर होत्या. पण सही करून दिली असती, तर ५६,९२० रुपये कंपनीकडेच राहिले असते.

सहीआधी काय लिहायचं

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून एचआरला ईमेल लिहिला. चढ्या आवाजात नाही, ओळीला ओळ धरून :

‘माझ्या सेटलमेंटमध्ये पुढील दुरुस्त्या कराव्यात. १) नोटीस पे नेमणूकपत्राच्या कलम ४प्रमाणे मूळ वेतनावर : १३,०००. २) त्यावरील जीएसटी परिपत्रक क्र. १७८, दि. ३ ऑगस्ट २०२२नुसार रद्द. ३) अर्जित रजा २४ दिवस, पोर्टलचा स्क्रीनशॉट सोबत. ४) ग्रॅच्युइटी २६,००० ÷ २६ × १५ × ७ = १,०५,०००. ५) लॅपटॉप परत दिला आहे, आयटी विभागाकडून खात्री करावी. वादातीत रक्कम आता जमा करावी. उरलेल्या रकमेवरील माझा हक्क राखून ठेवत आहे.’

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम आहेत. जी रक्कम दोघांना मान्य आहे ती अडवून ठेवायचं कारण कंपनीला राहत नाही, आणि ती घेतल्याने बाकीचा दावा सुटतही नाही. ‘येणे बाकी नाही’ या ओळीवर पैसे खात्यात यायच्या आधी सही करू नका. आग्रहच झाला तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने ‘हक्क राखून’ असं लिहा. अनुभवपत्र अडवून ठेवण्याची धमकी आली, तर तीही ईमेलवरच मागा. तोंडी धमकी सहसा लेखी होत नाही.

मुदतीही लक्षात ठेवा. नव्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. १५ डिसेंबरच्या सोमवारी सुटलेल्याच्या पगाराची मुदत बुधवारी, १७ तारखेलाच संपली होती. ‘सेटलमेंट ४५ दिवसांनी’ हा कंपनीचा शिरस्ता असेल, पण पगारापुरता तो कायद्यात बसत नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवस मिळतात, म्हणजे भावाच्या बाबतीत १४ जानेवारीपर्यंत. त्यानंतर उशिराच्या काळाचं सरळ व्याज लागतं. कंपनीने उत्तरच दिलं नाही, तर ग्रॅच्युइटीसाठी कायद्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कोणत्या कार्यालयात जायचं हे जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

भावाच्या ईमेलला आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘सिस्टीममध्ये जुनं टेम्प्लेट होतं,’ असं एक वाक्य आणि सोबत नवा तक्ता. ग्रॅच्युइटी, जीएसटी आणि रजा लगेच दुरुस्त झाल्या, लॅपटॉप आणखी तीन दिवसांनी. नोटीस पेवर मात्र एचआर अडून बसलं होतं. कलम चारचा फोटो पुन्हा पाठवला, ‘मूळ वेतन’ या दोन शब्दांवर पिवळी खूण करून. रक्कम १३ जानेवारीला खात्यात आली. मग त्याने सही केली.